अकरा मिलिमीटरचं वलय

नोव्हेंबर लागला की आमच्या विभागात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं दोन कागद हातात घेऊन फिरताना दिसतात. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत पीएच.डी.च्या अर्जांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. अर्जासोबत एक निवेदन जोडावं लागतं. आजवर काय संशोधन केलं, पुढे काय करायचं आहे आणि ते तुमच्याकडेच का, एवढंच त्यात सांगायचं असतं. मुलं त्याला ‘एसओपी’ म्हणतात. फार तर दोन पानांचा मजकूर, पण तो लिहायला बसल्यावर एरवी तोंडाळ असलेली मुलंसुद्धा गप्प होतात. मग एखादी दारात येऊन उभी राहते. “मॅडम, माझ्या प्रोजेक्टला रिझल्टच आला नाही. लिहू काय?”

या अडचणीवर मुलांनी आपापसात दोन उपाय शोधून ठेवले आहेत. एक म्हणजे फसलेला भाग गाळायचा आणि त्या जागी ‘विविध तंत्रं आत्मसात केली’ असं एक गुळगुळीत वाक्य ठेवून द्यायचं. दुसरा अलीकडचा आहे. अपयश लिहिलं की निवड समितीवर छाप पडते, असं कुठूनतरी कानावर आलेलं असतं. मग सहा महिन्यांच्या फसगतीची चिकाटीची कहाणी होते. ‘वारंवार अपयश आलं, पण मी खचले नाही, त्याने मला संयम शिकवला.’ हे वाचून मला त्या मुलीबद्दल आपुलकी वाटते, पण तिच्या प्रयोगाबद्दल काडीचंही कळत नाही. तिकडचा प्राध्यापक पुढची पाच-सहा वर्षं हिला आपल्या लॅबमध्ये घ्यायचं का, हे ठरवत असतो. त्याच्याकडेही प्रयोग फसणारच आहेत, हे त्याला ठाऊक असतं. फसलेल्या प्रयोगातून नक्की काय कळलं आणि काय कळलं नाही, हे हिला वेगळं काढून सांगता येतं का, हे तो शोधत असतो.

‘रिझल्ट आला नाही’ हे वाक्यच मुळात फसवं आहे. रात्री वीज गेली, इन्क्युबेटर थंड पडला आणि प्लेटवर बुरशी आली, तरी मुलं हेच म्हणतात. रीडिंग दर वेळी वेगळं येत राहिलं आणि शेवटी काहीच ठरवता आलं नाही, तरी हेच. आणि प्रयोग नीट झाला, उपकरणं चोख चालली आणि उत्तर ‘नाही’ असं आलं, तरीही हेच. पहिल्यात दैव आडवं आलं. त्याला निवेदनात जागा नाही. दुसरं अर्धवट काम आहे. तिसरं मात्र रिझल्टच आहे. गंमत अशी की आपल्याकडची बरीच ‘अपयशं’ दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत असतात आणि दोन आठवड्यांच्या कामाने ती तिसऱ्यात आणता येतात. ते कसं, हे एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरणातली मुलगी मी तीन-चार वर्षांतल्या मुलांची मिळून केली आहे आणि तिचे आकडेही नमुन्यादाखल आहेत. तिचा विषय मात्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही सूक्ष्मजीवशास्त्र विभागात सापडेल. एखाद्या औषधी झाडाची पानं वाळवायची, दळायची, अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढायचा आणि तो जिवाणूंना मारतो का, ते पाहायचं. तुळस, कडुनिंब, अडुळसा यांतलं एकही झाड आमच्या मुलांच्या तावडीतून सुटलेलं नाही. हिच्या वाट्याला निर्गुडी आली होती.

पद्धत सोपी आहे. काचेच्या बशीत आगर नावाचा जेलीसारखा थर ओततात. तो घट्ट झाला की त्यावर ई. कोलाय या जिवाणूची पातळ फवारणी केल्यासारखी सारखी लिंपण करतात. मग आगरात ६ मिलिमीटर व्यासाचे खळगे पाडून त्यांत अर्काचे थेंब सोडतात आणि बशी ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. सकाळपर्यंत सगळ्या बशीवर जिवाणूंची दाट साय धरते. अर्कात दम असेल, तर खळग्याभोवती मात्र स्वच्छ वलय राहतं. मुलं त्याला ‘झोन’ म्हणतात आणि पट्टी लावून मोजतात. हिला ११ मिलिमीटरचा झोन मिळाला. शेजारच्या खळग्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक होतं, त्याचा झोन ३० च्या आसपास. म्हणजे अर्क प्रतिजैविकाइतका जोरकस नाही, पण काहीतरी आहे. गाईड खूश, मुलगी खूश.

दीड महिन्याने विभागातल्या साप्ताहिक बैठकीत कुणीतरी विचारलं, “नुसत्या अल्कोहोलचा खळगा कुठे आहे?” तो नव्हता. अर्क ७० टक्के इथेनॉलमध्ये होता, आणि ७० टक्के इथेनॉल आपण हात निर्जंतुक करायला वापरतो. पुढच्या बशीत तिने एका खळग्यात निव्वळ इथेनॉल सोडलं. सकाळी त्याच्याभोवतीही ११ मिलिमीटरचाच झोन होता.

इथे बहुतेक प्रबंध गुपचूप संपतात. काही जण इथेनॉलचा खळगा फोटोतून कापतात. काही ‘अर्काचा परिणाम सौम्य आढळला’ असं लिहून सुटतात. या मुलीने पुढचं काम केलं आणि निवेदनात लिहिण्यासारखं जे आहे, ते सगळं या पुढच्या कामात आहे.

पहिल्यांदा तिने अर्कातलं इथेनॉल पूर्ण उडवलं. उरलेला चिकट, हिरवट-काळा गाळ वजन करून डीएमएसओ या दुसऱ्या द्रावकात विरघळवला. तो पुन्हा आगरावर घातला, तेव्हा झोन आलाच नाही. पण यावरूनही ‘अर्क निष्प्रभ आहे’ असं म्हणता येत नाही. अर्कातले तेलकट रेणू पाणीदार आगरात पसरतच नाहीत. ते खळग्याच्या काठाशीच बसून राहतात. झोन नाही याचा अर्थ औषध निकामी असाही होतो आणि औषध जिवाणूंपर्यंत पोहोचलंच नाही असाही होतो. या पद्धतीला ते दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

म्हणून तिने पद्धत बदलली. ९६ छोट्या कप्प्यांची प्लास्टिकची प्लेट घेतली. प्रत्येक कप्प्यात जिवाणूंचं द्रवरूप खाद्य, जिवाणू आणि अर्क असं सगळं एकत्र असतं, त्यामुळे पसरण्याचा प्रश्न राहत नाही. पहिल्या कप्प्यात मिलिलिटरला २ मिलिग्रॅम अर्क, दुसऱ्यात १, तिसऱ्यात अर्धा, असं निम्मं निम्मं करत जायचं. जिवाणू वाढले की खाद्य गढूळ होतं, पण अर्कच गढूळ असल्यावर ते डोळ्यांना कसं कळणार? त्यासाठी रेझाझुरिन नावाचा निळा रंग घालतात. जिवंत पेशी त्याला गुलाबी करतात. सकाळी निर्गुडीचे सगळे कप्पे गुलाबी झालेले होते. जिवाणू मजेत वाढले होते.

आता शंकेखोर माणूस विचारेल की अर्कातलीच रसायनं रंग गुलाबी करत नसतील कशावरून? वनस्पतींच्या अर्कांत तसं करू शकणारे पदार्थ असतात. ही शंका तिच्याही मनात आली, म्हणून तिने काही कप्प्यांत फक्त अर्क आणि रंग ठेवला होता, जिवाणू नव्हते. ते निळेच राहिले. दुसरी शंका अशी की त्या दिवशी सगळी प्लेटच बिघडली असेल आणि कुठलंही औषध चाललं नसतं. त्यासाठी एका ओळीत सिप्रोफ्लॉक्सासिन होतं. ई. कोलायची जी प्रमाण जात जगभर चाचणीसाठी वापरतात, तिची वाढ हे औषध मिलिलिटरला ०.००४ ते ०.०१६ मायक्रोग्रॅम इतक्या मात्रेत थांबवायला हवं, असं ठरलेलं आहे. तिच्या प्लेटवर ते त्याच पट्ट्यात थांबलं. म्हणजे चाचणीला डोळे होते. दिसण्यासारखं काही असतं तर तिला दिसलं असतं. हे सगळं तिने तीन वेगवेगळ्या दिवशी, नव्याने वाढवलेल्या जिवाणूंवर केलं. एकाच प्लेटवरचे तीन कप्पे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, ही चूक आमच्याकडे पास झालेल्यांतही आढळते.

एवढं झाल्यावर ‘रिझल्ट आला नाही’चं वाक्य बदलतं. या द्रावकात काढलेला हा अर्क या जिवाणूची वाढ मिलिलिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत रोखत नाही, असं ते होतं. नकाराला आता एक उंची मिळाली. इतपत परिणाम असता तर आम्ही पकडला असता, तो नव्हता. त्याच्या वर काय आहे ते आम्ही सांगत नाही.

नकार असा मापून सांगण्याचा माझा आवडता दाखला १८८७ चा आहे. त्या काळी भौतिकशास्त्रज्ञ मानत की अवकाश ‘ईथर’ नावाच्या अदृश्य माध्यमाने भरलेलं आहे आणि प्रकाश त्यातून लाटांसारखा जातो. मग पृथ्वी त्या ईथरमधून धावताना प्रकाशाच्या वेगावर दिशेनुसार बारीकसा फरक पडायला हवा. अल्बर्ट मायकेल्सन आणि एडवर्ड मॉर्ली यांनी क्लीव्हलंडमध्ये तो मोजायचं ठरवलं. पाऱ्यावर तरंगणाऱ्या वालुकाश्माच्या जाड फरशीवर त्यांनी आरसे मांडले, प्रकाशाचा मार्ग परावर्तनांनी सुमारे ११ मीटर लांब केला आणि फरशी सावकाश फिरवत प्रकाशाच्या पट्ट्या सरकतात का ते पाहिलं. पट्टी तिच्या रुंदीच्या ०.४ इतकी सरकेल, असं गणित होतं.

ती तशी सरकली नाही. पण त्यांनी ‘परिणाम आढळला नाही’ एवढं लिहून हात झटकले नाहीत. प्रत्यक्ष सरकणं अपेक्षेच्या विसाव्या भागापेक्षा निश्चित कमी आणि चाळिसाव्या भागापेक्षा बहुधा कमी आहे, असं लिहिलं. ‘निश्चित’ कुठे आणि ‘बहुधा’ कुठे, हे त्यांनी आकड्यागणिक वेगळं ठेवलं. वाचणाऱ्याला त्यावरून कळतं की नकार किती भक्कम आहे आणि उपकरणाची नजर कुठवर पोहोचते.

त्याच लेखात आणखी एक गोष्ट आहे, ती मी मुलांना मुद्दाम दाखवते. मायकेल्सनने हा प्रयोग १८८१ मध्ये पॉट्सडॅमला एकट्याने केला होता आणि तेव्हाही उत्तर नकारार्थीच आलं होतं. पण त्याच्या गणितात एक चूक होती. प्रकाशाचा एक किरण पृथ्वीच्या गतीला आडवा जातो, त्यावरही गतीचा परिणाम होतो, हे त्याने धरलंच नव्हतं. ते धरलं की अपेक्षित सरकणं निम्मं होतं, आणि इतकं बारीक सरकणं त्या पहिल्या उपकरणाच्या चुकांच्या मर्यादेतच जवळपास बुडून जातं. म्हणजे १८८१ चा नकार हा आपल्या मुलीच्या झोन न आलेल्या बशीसारखा होता: खरं तर काहीच न ठरवणारा. १८८७ च्या लेखात ही चूक स्वच्छ सांगितली आहे, पॅरिसच्या पोतिए यांनी ती लक्षात आणून दिली हेही आहे, आणि म्हणूनच नवं उपकरण का बांधावं लागलं हे त्यापाठोपाठ येतं. कबुलीत कुठे रडगाणं नाही. चूक ही पुढच्या पायरीचं कारण म्हणून येते आणि तिथेच संपते. दर तीन महिन्यांनी प्रयोग पुन्हा करू, असंही त्यांनी त्यात लिहिलं होतं. ते मात्र त्यांनी केलं नाही. थोर माणसांचेही ‘पुढील काम’ हे परिच्छेद आमच्या मुलांच्यासारखेच असतात.

आता मुलीच्या निवेदनाकडे येऊ. तिच्या पहिल्या खर्ड्यात हा सगळा भाग असा होता: ‘माझ्या प्रबंधाचे निष्कर्ष दुर्दैवाने नकारात्मक आले, परंतु या अनुभवाने मला काटेकोर प्रयोगरचनेचं महत्त्व पटवून दिलं.’ मी ‘दुर्दैवाने’ खोडलं, कारण निर्गुडीने कुणाशी काही कबूल केलं नव्हतं. ‘महत्त्व पटलं’ हेही खोडलं. पटलं की नाही, हे वाचणारा पुढच्या चार वाक्यांवरून ठरवेल. तिने ते स्वतः जाहीर करायचं कारण नाही. चार खेपा झाल्यावर मजकूर साधारण असा झाला:

‘प्रबंधात मी निर्गुडीच्या पानांचा अर्क ई. कोलायची वाढ रोखतो का, हे तपासलं. सुरुवातीला ११ मिलिमीटरचा झोन मिळाला, पण नुसत्या ७० टक्के इथेनॉलनेही तेवढाच झोन दिला. हे कंट्रोल मी पहिला दीड महिना ठेवलं नव्हतं. इथेनॉल काढून टाकल्यावर झोन नाहीसा झाला. आगरात न पसरणारे घटक निसटू नयेत म्हणून मी द्रव माध्यमात पुन्हा चाचणी केली. मिलिलिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत वाढ थांबली नाही. तीन स्वतंत्र प्रयोगांत हेच आढळलं आणि प्रत्येक वेळी सिप्रोफ्लॉक्सासिनचं मूल्य अपेक्षित पट्ट्यात होतं. इतर जिवाणू आणि इतर द्रावकांतले अर्क मी तपासलेले नाहीत. ई. कोलाय आत शिरलेले रेणू पंपांनी बाहेर फेकतो. हे पंप निकामी केलेल्या जातीवर हाच अर्क परिणाम करेल का, हा प्रश्न मला इथून सुचला.’

यात एकही भावना नाही आणि तरीही मुलगी दिसते. कंट्रोल ठेवलं नव्हतं, हे ‘मी’ म्हणून आलं आहे. ‘आमच्या लॅबमध्ये पद्धत नव्हती’ किंवा ‘गाईडनी सांगितलं नाही’ असं ती लिहू शकली असती आणि कदाचित ते खरंही असतं. पण गाईडचं शिफारसपत्र याच अर्जासोबत जातं. दोघांनी एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगितला, तर समिती पत्रावर विश्वास ठेवते. कबुलीही अर्ध्याच वाक्यात आटोपली आहे. तिच्यावर अख्खा परिच्छेद घालवला असता, तर वाचणाऱ्याला उपायापेक्षा चूकच लक्षात राहिली असती.

जागेचंही बघावं लागतं. हा परिच्छेद निवेदनाच्या सुरुवातीला नको. पहिल्याच ओळीत फसलेला प्रयोग आला की तो आव वाटतो. आधी प्रश्न काय होता ते येऊ दे, मग हे, आणि लगेच त्यातून निघालेला पुढचा प्रश्न, जो त्या विद्यापीठातल्या कुणाच्या तरी कामाला जाऊन भिडतो. पंपांचं वाक्य तिथे त्यासाठी आहे. ते नसतं तर हा नकार प्रबंधातच संपला असता. त्याच्यामुळे तो अर्जाचं कारण होतो. अर्थात ते वाक्य खरं असायला हवं. पंपांबद्दल तिने खरंच चार शोधनिबंध वाचले होते की नाही, हे मी आधी तपासलं.

आणि हे सगळ्यांनी करावं असंही नाही. सहा महिन्यांत ज्याच्या हाती फक्त बुरशी आलेल्या बश्या लागल्या, त्याने दुसऱ्या एखाद्या छोट्या, पुऱ्या झालेल्या कामाबद्दल लिहावं. नकाराच्या मागे चालणारं कंट्रोल दाखवता येत नसेल, तर तो नकार निवेदनात आणू नये. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो. आपल्याकडे आयसरसारख्या संस्थांत तर समिती समोर बसलेली असते. तिथे ‘मग ते कशावरून?’ या एका प्रश्नाने वीस मिनिटं सहज जातात. एका मुलाने मला विचारलं होतं की खरं अपयश नसेल तर एखादं बसवून लिहिलं तर चालेल का. रचलेल्या अपयशाला रीडिंग नसतं, एवढंच मी त्याला म्हटलं.

फाइल पाठवायच्या आदल्या दिवशी मी त्या मुलीला समोर बसवून समितीसारखे प्रश्न विचारले. ई. कोलायच का, तीनच दिवस का, या सगळ्यांची उत्तरं तिने पाठ केल्यासारखी दिली. मग मी विचारलं, “२ मिलिग्रॅमवरच का थांबलीस? ४ का नाही?”

ती जरा घुटमळली. “मॅडम, त्याच्यावर गेलं की अर्क विरघळतच नव्हता. कप्प्याच्या तळाशी साका बसायचा. मग नक्की किती मात्रा दिली, तेच सांगता आलं नसतं.”

“हे कागदावर कुठे आहे?”

तिने पेन काढलं आणि ‘२ मिलिग्रॅमपर्यंत’ या शब्दांनंतर, ओळीच्या वर, बारीक अक्षरात लिहिलं: ‘त्यापुढे अर्क विरघळत नाही’.